काळ्या जमिनीची फील्ड कपॅसिटी: प्रयोगशाळेचे ३२ टक्के की शेतातले ४०?

ऊसकरी_वाळवा | ४ मार्च, सकाळी ९:१०

वाळवा तालुका, नदीपासून साधारण दीड किलोमीटर आत. खोडवा मोडलेलं रान. वर ९० सेंमी काळी माती, त्याखाली मुरूम. ठिबकचं वेळापत्रक बसवण्यासाठी फील्ड कपॅसिटीचा आकडा हवा होता. प्रयोगशाळेत ०.३३ बारला ३२ टक्के आले, तिन्ही थरांत जवळपास सारखे. शेतात पाणी भरून, झाकून, ४८ तासांनी काढलेल्या नमुन्यांत हे आलं:

० ते ३० सेंमी: २४ तासांनी ४३.५, ४८ तासांनी ४०.२
३० ते ६० सेंमी: ४१.०, मग ३९.०
६० ते ९० सेंमी: ३८.०, मग ३७.५

सगळे टक्के वाळलेल्या मातीच्या वजनावर, रोज तीन भोकांची सरासरी. प्लॉट अजून झाकलेला आहे. ३२ आणि ४० यांत फारच अंतर आहे. कोणता आकडा धरायचा?

---

आप्पा_पलूस | ४ मार्च, सकाळी ९:४५

४८ तासांचाच धरा. सगळीकडे हाच नियम आहे. हलक्या जमिनीला २४ तास, भारीला ४८. तोपर्यंत जड पाणी खाली जातं आणि रान वाफशावर येतं. वाफसा आला की तीच फील्ड कपॅसिटी. प्रयोगशाळेत माती कुटून चाळून घेतात, त्यामुळे त्यांचा आकडा नेहमी कमीच येतो.

---

माण_खटाव | ४ मार्च, सकाळी १०:२०

आमच्याकडे तासाला दीड-दोन सेंमी पाणी मुरतं. तुमच्या काळ्या रानात तासाला किती मुरलं ते लिहा, म्हणजे मोटर किती वेळ चालवायची ते लगेच काढता येईल.

---

माती_आणि_पाणी | ४ मार्च, दुपारी १:०५

माण_खटाव, तुम्ही म्हणता तो मुरण्याचा वेग. इथे प्रश्न वेगळा आहे. मुरून झाल्यावर, निचरा मंदावल्यावर मातीत किती पाणी टिकून राहतं, ते मोजायचं आहे. मुरण्याच्या वेगावरून तासाला किती पाणी द्यायचं ते कळतं, टिकलेल्या पाण्यावरून दोन पाळ्यांत किती अंतर ठेवायचं ते.

आप्पा, ४८ तासांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. व्हाइमायर आणि हेंड्रिक्सन यांनी १९३१ साली ही व्याख्या मांडली, तेव्हाच दोन-तीन दिवसांच्या मुदतीला त्यांनी अट घातली होती: जमीन पाणी सहज झिरपू देणारी हवी आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी. वाळव्याची काळी माती यातली एकही अट पाळत नाही. चिकणमातीचं प्रमाण मोठं, भिजली की फुगून भेगा मिटतात, आणि खाली एकदम वेगळा थर. तिथे निचरा आठवडाभरही चालू राहतो. मुदत घड्याळावरून ठरवायची नसते, ती नमुनेच सांगतात. रोजची घट किती कमी होत गेली ते पाहायचं.

वाफशाचंही तसंच. वाफसा वरच्या १५ सेंमीचा असतो आणि उघड्या रानात त्यातलं बरंच पाणी उन्हा-वाऱ्याने उडून गेलेलं असतं. झाकलेल्या प्लॉटमध्ये आठव्या दिवशीही या मातीत औत घातलं तर ढेकळं चिकट निघतील. भारी मातीत मशागतीचा ओलावा फील्ड कपॅसिटीपेक्षा कमी असतो.

आणि प्रयोगशाळेचा आकडा ‘नेहमी कमी’ येतो असंही नाही. कुटलेल्या नमुन्याची मूळ रचना मोडते, त्यामुळे काही मातींत आकडा उलट जास्त येतो. फरक कुठून आला ते त्या-त्या रानात शोधावं लागतं.

ऊसकरी, प्लॉट उघडू नका. नमुने चालू ठेवा. आणि चार गोष्टी लिहा: प्लॉट केवढा, पाणी किती घातलं आणि कसं, झाकलं कशाने, घनता कोणत्या दिवशी घेतली.

---

ऊसकरी_वाळवा | ४ मार्च, संध्याकाळी ७:३०

सर, लिहितो.

प्लॉट आतला ३ बाय ३ मीटर. त्याच्या चारी बाजूंना १ मीटर सोडून दुसरा बांध, म्हणजे एकूण ५ बाय ५. दोन्हींत एकाच वेळी पाणी. नमुने फक्त आतल्या मधल्या २ बाय २ मीटरमधून. भोकांच्या जागा आधीच दोरी लावून खुंट्यांनी ठरवल्या, दोन भोकांत किमान ४० सेंमी.

पाण्याचा हिशोब असा केला. सुरुवातीला माती सरासरी २२ टक्के होती. भिजून फुगल्यावरची घनता अंदाजे १.२५ धरली तर ९० सेंमीत ते २४७ मिमी पाणी होतं. पोकळी पूर्ण भरली तर ४७५ मिमी. तूट २२८ मिमी, २५ चौरस मीटरला ५,७०० लिटर. बाजूला आणि खाली जाणारं धरून ८,००० लिटर घातले. २०० लिटरच्या बॅरलला पाईप किती वेळात भरतो ते मोजून वेळेवर मोटर चालवली.

भेगा दोन बोटं रुंद होत्या, म्हणून पाणी एकदम घातलं नाही. पहिल्या दिवशी तीन हजार लिटर, रात्रभर फुगू दिलं, उरलेलं दुसऱ्या दिवशी दोन हप्त्यांत. पृष्ठभागावरचं पाणी १ मार्चला सकाळी आठला दिसेनासं झालं. तेव्हापासून तास मोजले.

झाकण: काळा प्लॅस्टिक कागद दोन पदरी, बाहेरच्या बांधाच्याही एक मीटर पुढे, कडा मातीत दाबलेल्या. त्यावर वीतभर उसाचं पाचट.

घनता पाणी भरण्याआधी घेतली होती: १.३८, १.४०, १.४१.

---

माती_आणि_पाणी | ४ मार्च, रात्री ९:१५

प्लॉट चांगला घातलाय. पाचट टाकलंत हे विशेष बरं केलं. नुसता कागद तापतो, त्याखालची वरची माती दिवसा गरम आणि रात्री गार होते, वाफ खाली-वर फिरते आणि वरच्या ५-१० सेंमीचे आकडे भरकटतात.

मात्र घनता चुकीच्या वेळी घेतली गेली. काळी माती वाळताना आकसते. कोरड्या ढेकळात घेतलेला कोअर जास्त घनतेचा येतो आणि भेगांची जागा त्यात मोजलीच जात नाही. तुमच्याच आकड्यांनी पडताळा घ्या. १.३८ घनतेला पोकळी साधारण ४८ टक्के, म्हणजे त्या मातीत वजनावर जास्तीत जास्त ३४.७ टक्के पाणी मावेल. तुम्हाला २४ तासांनी ४३.५ मिळालेत. पोकळीपेक्षा जास्त पाणी मातीत बसत नाही, तेव्हा घनता नक्की बदललेली आहे.

निचरा मंदावला की, शेवटच्या नमुन्याच्या दिवशी, त्याच प्लॉटमध्ये कोअर घ्या. बाजूला खड्डा खणून तिन्ही थरांत आडवे घेतले तर उत्तम. तो खड्डा सगळे नमुने झाल्यावरच खणायचा, आधी नाही.

---

नीता_मिरज | ५ मार्च, सकाळी ११:००

मिरजेत मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. डब्यांविषयी दोन गोष्टी.

दादा, टक्केवारीचं एक उदाहरण तपासून घ्या. रिकामी डबी २२.४० ग्रॅम, ओल्या मातीसह ९६.५०, वाळल्यावर ७५.२५. पाणी २१.२५, वाळलेली माती ५२.८५, म्हणून ४०.२ टक्के. हेच पाणी ओल्या मातीच्या वजनाने भागलं तर २८.७ येतं. झटपट ओलावा दाखवणारी काही यंत्रं असा ओल्यावरचा आकडा देतात. प्रेशर प्लेटचा आकडा वाळलेल्यावर असतो, तरी रिपोर्टवर एकदा विचारून घ्या. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून लोक गोंधळतात.

दुसरं, १०५ अंशाला २४ तास पुरतात, पण या चिकण मातीचे गोळे तसेच डबीत टाकले तर पुरत नाहीत. आतला ओलावा राहतो. सुरीने बारीक तुकडे करून भरा, डबी जागेवरच झाकण लावून बंद करा, आणि २४ तासांनंतर दोन-तीन डब्या पुन्हा चार तास ठेवून वजन हलतंय का ते पाहा. झाकण न लावता उन्हात ठेवलेली डबी नमुना वाया घालवते.

रानात जिप्सम टाकलेलं असेल तर सांगा. १०५ अंशाला जिप्सममधलं बांधलेलं पाणीही निघतं आणि ओलावा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तशा मातीला ५०-६० अंशावर जास्त वेळ वाळवतात.

---

ऊसकरी_वाळवा | ५ मार्च, दुपारी १२:१५

ताई, वाळलेल्यावरच आहे, रिपोर्टवरचंही विचारून घेतलं. तुकडे करतोय. जिप्सम या रानात टाकलेलं नाही.

---

तासगावकर | ५ मार्च, दुपारी ३:४०

आमच्या द्राक्षाच्या रानात हे फार लवकर आटपतं. माती ४५ सेंमी, तांबूस, मुरमाड. झाकून पहिल्या दिवशी २४, दुसऱ्या दिवशी २२.१, तिसऱ्या दिवशी २१.८. तिसऱ्या दिवशीच वक्र आडवा. त्यामुळे आप्पांचा नियम आमच्याकडे चालतो, तुमच्याकडे चालणार नाही हे पटलं.

आमचा प्रश्न खड्यांचा आहे. चाळून घेतलेल्या मातीचा ओलावा २६ टक्के, पण वजनाने तीस टक्के खडे. मग आकडा कोणता?

---

माती_आणि_पाणी | ५ मार्च, संध्याकाळी ५:२०

तासगावकर, खडे पाणी धरतच नाहीत असं मानलं तर १०० ग्रॅम अख्ख्या मातीत ७० ग्रॅम बारीक माती, त्यात १८.२ ग्रॅम पाणी. म्हणजे अख्ख्या रानासाठी १८ टक्के. पण तुमचा मुरूम कुजलेल्या काळ्या दगडाचा असेल तर खडेही थोडं पाणी धरतात. २ मिमीच्या चाळणीवर राहिलेले खडे वेगळ्या डबीत वाळवा, त्यांचा ओलावा वेगळा काढा आणि वजनाच्या प्रमाणात जोडा. आणि घनता लहान कोअरने घेऊ नका, खड्यावर कडा अडते आणि माती हलते. खड्डा खणून त्यात पातळ प्लॅस्टिक अंथरा, पाणी ओतून आकारमान मोजा.

---

कृष्णाकाठ | ६ मार्च, सकाळी ८:३०

सगळी चर्चा वाचली. एक गोष्ट कोणी विचारली नाही. पाण्याची पातळी किती खाली आहे? नदीपासून दीड किलोमीटर, उसाचा पट्टा. या भागात कित्येक ठिकाणी पहार दोन मीटर घातली की पाणी लागतं. चिबड रानात प्लॉट झाकून महिनाभर ठेवला तरी निचरा संपत नाही, कारण पाणी जायला खाली जागाच नसते.

आकड्यांतही खूण दिसते. ६० ते ९० चा थर सुरुवातीपासून भरलेला आहे आणि जवळजवळ हलतच नाही. वरचा थर मात्र भराभर उतरतोय.

---

आप्पा_पलूस | ६ मार्च, सकाळी ९:१०

ती खूण मुरमाचीही असू शकते. काळ्या मातीखाली मुरूम आला की पाणी तिथे अडतं. कुंडीच्या तळाला खडी घातली की वरची माती जास्तच ओली राहते, तसं.

---

माती_आणि_पाणी | ६ मार्च, दुपारी २:३०

दोघांचंही म्हणणं विचार करण्यासारखं आहे, आणि दोन्हींची बाहेरून दिसणारी खूण एकच आहे. आप्पांचं मुरमाचं कारण खरं आहे. वरच्या मातीतली छिद्रं बारीक, मुरमातली मोठी. तळाची माती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत पाणी त्या मोठ्या छिद्रांत शिरत नाही. मुरमाच्या फटींत चिकणमाती भरलेली असेल तर मात्र हा अडसर फारसा उरत नाही. म्हणून तिथला मुरूम मोकळा आहे की भरलेला, ते गिरमिटाने वर काढून हातात घेऊन पाहावं लागेल.

पाण्याच्या पातळीची चाचणी सोपी आहे. प्लॉटपासून दहा-बारा मीटर लांब, म्हणजे आपण घातलेलं पाणी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, तीन मीटर खोल भोक पाडा. तोंडावर डबा उपडा घालून रात्रभर सोडा. सकाळी पट्टीला कोरडा दोरा बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा. भारी मातीत पाणी भोकात हळू येतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही एकदा मोजा.

---

ऊसकरी_वाळवा | ८ मार्च, सकाळी १०:४५

भोक पाडलं. दोन्ही दिवशी पाणी २.४ मीटरवर. मुरूम हातात चुरतो, फटींत काळी माती उतरलेली आहे, पण सगळीकडे नाही.

नमुन्यांचे पुढचे आकडे, वरून खाली:

तिसरा दिवस: ३८.५, ३७.८, ३७.०
चौथा: ३७.४, ३७.१, ३६.६
पाचवा: ३६.८, ३६.६, ३६.४
सहावा: ३६.५, ३६.४, ३६.२

भोकं लगेच त्याच मातीने ठासून बुजवतो. कागद फक्त त्या जागी कापून पुन्हा चिकटपट्टी लावतो. आता थांबवू का?

---

नीता_मिरज | ८ मार्च, दुपारी १२:२०

थांबवण्याआधी एक शंका. दुसऱ्या दिवशीच्या वरच्या थराचे तीन भोकांचे वेगवेगळे आकडे काय होते?

---

ऊसकरी_वाळवा | ८ मार्च, दुपारी १२:४०

३९.३, ४०.१, ४१.२.

---

नीता_मिरज | ८ मार्च, दुपारी १:१०

मग भोकाभोकांत जवळपास दोन टक्क्यांचा फरक आहे. तीन भोकांच्या सरासरीतही अर्ध्या टक्क्याची अनिश्चितता राहते. पाचव्या ते सहाव्या दिवसाची घट ०.३ आहे. ती निचऱ्याची की जागेच्या फरकाची, हे या तीन भोकांवरून सांगता येणार नाही. सर, मग ‘घट थांबली’ असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

---

माती_आणि_पाणी | ८ मार्च, संध्याकाळी ६:००

नीताताई, अगदी नेमकं विचारलंत. दोन दिवसांची जोडी घेऊन निर्णय करू नये. सगळे दिवस एकत्र आलेखावर मांडावे आणि तिन्ही थर मिळून एकूण पाणी घ्यावं, कारण पाण्याने एका थरातून दुसऱ्यात जाणं बेरजेत मिटतं आणि भोकांचा फरकही थोडा निवतो. रेघ सगळ्या बिंदूंमधून काढायची आणि तिचा उतार वाचायचा.

उतार शून्य होण्याची वाट पाहू नका, भारी मातीत तो होत नाही. मी अशी मर्यादा धरतो: ९० सेंमीतून खाली जाणारं पाणी दिवसाला एक-दीड मिमीवर आलं की थांबायचं, कारण उभा ऊस उन्हाळ्यात दिवसाला त्याच्या कितीतरी पट पाणी ओढतो. ही मर्यादा माणसाने ठरवलेली आहे. दुसऱ्या कोणी दोन मिमी धरले तर चूक म्हणता येणार नाही, पण अहवालात मर्यादा लिहिली पाहिजे.

ऊसकरी, उद्या आठव्या दिवशी एक शेवटचा नमुना घ्या, तीनऐवजी सहा भोकं. मग कोअर. ताण मोजायचा टेन्सिओमीटर कोणाकडून मिळाला तर ३० आणि ७५ सेंमीवर लावा. तो त्याच जागी बसलेला राहतो, म्हणून भोकाभोकांतला फरक त्यात येत नाही.

---

कृष्णाकाठ | ८ मार्च, संध्याकाळी ७:१५

खोडव्याची खोडं काढली होती ना? कागदाखाली फुटवे जिवंत राहिले तर तेही पाणी ओढतात आणि वक्र आडवाच होत नाही. बांधावर नारळ असेल तर त्याचीही मुळं.

---

ऊसकरी_वाळवा | ८ मार्च, रात्री ८:००

रोटर मारून खोडं वेचली होती. पाचव्या दिवशी कागद कापला तेव्हा दोन फुटवे पांढरे पडलेले दिसले, उपटले. झाडं जवळ नाहीत.

---

ऊसकरी_वाळवा | १० मार्च, दुपारी ४:२०

आठवा दिवस, सहा भोकं: ३६.२, ३६.२, ३६.०.

कोअर ५ सेंमी व्यासाचा, ५ सेंमी उंच, ९८ घनसेंमी. ओल्या अवस्थेतल्या घनता १.२०, १.२५, १.३०. त्या धरून ९० सेंमीतलं एकूण पाणी मिमीमध्ये:

पहिला दिवस ४५९
दुसरा ४३७
तिसरा ४२५
चौथा ४१६
पाचवा ४१२
सहावा ४०९
आठवा ४०६

शेवटच्या दोन दिवसांत मिळून तीन मिमी. प्रयोगशाळेचे ३२ टक्के धरले तर याच घनतेला ३६० मिमी होतात. टेन्सिओमीटर मिळाला नाही.

---

माती_आणि_पाणी | १० मार्च, रात्री ९:३०

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल.

४८ तासांचा आकडा आणि आठव्या दिवसाचा आकडा यांत ३१ मिमी आहेत. एकरी ते सव्वा लाख लिटर होतात. वेळापत्रकात ४३७ ला ‘भरलं’ धरलंत तर प्रत्येक मोठ्या पाळीत त्यातला बराच भाग मुरमातून खाली जाणार, आणि तुमच्या गावात तो खाली जाऊन पातळीच वर आणणार. म्हणून ४० टक्के धरू नका.

पण ३२ सुद्धा धरू नका. कारण तुमच्या भोकातच आहे. ०.३३ बार म्हणजे साधारण ३४० सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ. निचरा पूर्ण थांबला तर मातीतल्या एखाद्या जागेवरची ओढ ती जागा पाण्याच्या पातळीपासून जितकी उंच तितकीच उरते. तुमची पातळी २४० सेंमीवर. ७५ सेंमी खोलीवरच्या मातीला खालून १६५ सेंमीचीच ओढ मिळणार, म्हणजे ०.१६ बार. अगदी वरच्या थरालाही सव्वादोन मीटरच्या आसपास. प्रयोगशाळेने ज्या ओढीला माती तपासली ती ओढ तुमच्या रानात नुसत्या निचऱ्याने कधी येऊच शकत नाही. पीक पाणी पिईल तेव्हाच माती त्याच्या खाली उतरेल. प्रयोगशाळेचा आकडा त्या ओढीसाठी बरोबर आहे, तुमच्या रानाची ओढ वेगळी आहे. नमुना पुन्हा दिलात तर ०.१ आणि ०.२ बारला, न कुटलेल्या कोअरवर मागा. शेतातले ३६ त्यांच्या मध्ये कुठेतरी बसायला हवेत.

तुमचा आकडा ३६ टक्के, ९० सेंमीत ४०६ मिमी. त्यासोबत लिहा: पाण्याची पातळी २.४ मीटर, मर्यादा दिवसाला दीड मिमी.

---

आप्पा_पलूस | ११ मार्च, सकाळी ८:५०

सर, पटलं. पण एक हरकत आहे. रान झाकलेलं होतं, पीक नव्हतं. उभा ऊस दिवसाला पाच मिमी पितो. दुसऱ्या ते आठव्या दिवसात सहा दिवस, म्हणजे तीस मिमी. जे ३१ मिमी तुम्ही वाया म्हणता ते ऊसच पिऊन टाकेल की.

---

माती_आणि_पाणी | ११ मार्च, सकाळी ११:१५

आप्पा, हरकत रास्त आहे. काही भाग ऊस नक्की घेतो. पण घटीची वाटणी पाहा: दुसऱ्या दिवशी १२ मिमी खाली गेले, तिसऱ्याला ९. त्या दोन दिवसांत ऊस दहा घेईल. निचरा आणि पीक एकाच वेळी ओढतात, आणि सुरुवातीला निचरा वरचढ असतो. मोठ्या वाढीच्या उसात वाया जाणारा हिस्सा ३१ पेक्षा कमी असेल, लहान लावणीत जवळजवळ सगळाच. नेमका किती, हे झाकलेल्या प्लॉटवरून सांगता येत नाही. त्यासाठी उभ्या पिकात ९० सेंमीखाली ताण मोजावा लागेल.

---

कृष्णाकाठ | ११ मार्च, दुपारी १:००

आणि मे महिन्यात पातळी तीन-साडेतीन मीटरवर गेली तर? की पावसाळ्यानंतर दीडवर आली तर? मग ३६ बदलणार.

---

माती_आणि_पाणी | ११ मार्च, दुपारी १:४५

तळाच्या थरात बदलेल, वरच्या ३० सेंमीत कमी. किती ते मातीच्या वक्रावर अवलंबून आहे आणि मुरमाचा वाटा किती हेही अजून उलगडलेलं नाही. मुरूमच अडवत असेल तर पातळी खाली गेली तरी ६० ते ९० चा थर ३६ च्या आसपास राहील. पातळी अडवत असेल तर उतरेल. मे महिन्यात त्याच रानात नवा प्लॉट घातला तर दोन्ही कारणं वेगळी करता येतील. प्लॉट जुन्याच जागी नको, भोकांनी ती माती हललेली आहे.

---

तासगावकर | ११ मार्च, संध्याकाळी ६:३०

मे महिन्यात भेगा याहून मोठ्या असतील. पाणी भेगांतून थेट मुरमात जाईल आणि मधली ढेकळं कोरडी राहतील.

---

माती_आणि_पाणी | ११ मार्च, संध्याकाळी ७:१०

बरोबर. म्हणून तेव्हा पाणी तीनऐवजी पाच-सहा हप्त्यांत, प्रत्येक हप्त्यानंतर रात्रभर फुगायला वेळ. झाकण्याआधी एक सेंमी जाडीची लोखंडी सळई आठ-दहा ठिकाणी दाबून पाहायची. ओल्या मातीत ती हाताच्या जोराने उतरते, कोरड्या ढेकळावर खट्कन थांबते. एकाही ठिकाणी ९० सेंमीच्या आत थांबली तर आणखी पाणी. पहिल्या दिवसाच्या नमुन्यात मधला थर वरच्या-खालच्यापेक्षा कोरडा निघाला आणि पुढच्या दिवशी त्याचा ओलावा कमी न होता वाढला, तर समजायचं की ढेकळं अजून पाणी पीतच आहेत. तो प्लॉट पुन्हा भरायचा.

---

ऊसकरी_वाळवा | ११ मार्च, रात्री ९:००

मे महिन्यात शेजारच्या पट्ट्यात घालतो, दहा हजार लिटरच्या तयारीने. तोवर वेळापत्रक ३६ वर. पातळीच्या भोकात छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाईप बसवून ठेवतोय, दर आठवड्याला मोजायला. पाईपभोवती वाळू घालू की खडी?

---

कृष्णाकाठ | ११ मार्च, रात्री ९:२०

छिद्रांच्या भागाला जाड वाळू, त्याआधी पाईपला नायलॉनची जाळी गुंडाळा. वरच्या ५० सेंमीत काळ्या मातीचा चिखल ठासा, नाहीतर ठिबकचं पाणी पाईपच्या कडेने थेट खाली उतरेल आणि पातळी खोटी दिसेल.